मोजणीत तूटही निघाली आणि वाढावाही, पडताळणी अहवाल लिहायचा कसा?

प्रश्न: आमचं सिमेंट-सळई आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे, मी हिशेब बघतो. ३१ मार्च २०२६ ला गोडाऊन मोजलं. १२ मिमी सळई ४३० किलो कमी भरली, सिमेंटच्या २६ गोणी कमी. उलट १० मिमी सळई ३२८ किलो जास्त आणि सीपीव्हीसी एल्बो ४९० नग जास्त. खरेदीच्या दराने तूट ३२,२३० रुपये आणि वाढावा २६,२०८ रुपये येतो. शेठ म्हणतात वजावट करून सहा हजारांची तूट दाखव आणि टॅलीत आकडे मोजणीप्रमाणे करून टाक. सीए मात्र कारणांसकट अहवाल मागतायत. तो कसा लिहू?

उत्तर:

वजावट करू नका. १२ मिमीची तूट आणि एल्बोचा वाढावा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि संबंध नसलेले दोन फरक एकमेकांत वळते केले की दोन्हींची कारणं कायमची पुसली जातात. शिवाय तुम्हाला टॅक्स ऑडिट लागत असेल तर ३सीडी फॉर्मच्या कलम ३५ मध्ये मुख्य मालाची आरंभीची शिल्लक, खरेदी, विक्री, अखेरची शिल्लक आणि तूट किंवा वाढावा मालवार द्यावा लागतो. तिथे 'निव्वळ सहा हजार' हा आकडा बसतच नाही.

अहवालाचं काम एकच. पुस्तकातल्या शिल्लकेपासून निघून मोजलेल्या शिल्लकेपर्यंत पोचायचं आणि मधल्या प्रत्येक पायरीला एक कागद दाखवायचा. जिथे कागद संपतो तिथे 'खुलासा नाही' असं लिहून थांबायचं. तुम्ही प्रश्नाच्या खाली बिलं, चलनं आणि वजनांचे जे तपशील दिलेत त्यांवरून तुमचेच चार माल सोडवून दाखवतो.

त्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. ज्या मालात फरक निघाला तो दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्या, आणि त्यांच्या हातातल्या कागदावर पुस्तकाचा आकडा असू देऊ नका. आकडा समोर असला की मोजणारा नकळत त्याच्याकडे सरकतो. दुसरं म्हणजे मोजणीच्या क्षणी शेवटचं बिल, शेवटचं डिलिव्हरी चलन आणि शेवटची आवक पावती कोणत्या नंबरची होती ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. हार्डवेअरच्या धंद्यात माल आणि कागद एकाच दिवशी हलत नाहीत. माल आज साइटवर जातो आणि बिल परवा फाटतं, किंवा बिल झालेला माल गिऱ्हाईक 'राहू द्या, स्लॅबच्या दिवशी नेतो' म्हणून गोडाऊनलाच ठेवतं. असा पैसे भरलेला माल तुमच्या मोजणीत आला तर तो फुकटचा वाढावा दिसतो. तुमच्याकडे तसा नव्हता असं तुम्ही लिहिलंय, तरी अहवालात 'दुसऱ्याच्या मालकीचा माल नाही' हे एक वाक्य टाका, कारण सीए ते विचारणारच.

आता १२ मिमी. पुस्तकात ६,२४० किलो, मोजणीत ५४५ सळया, म्हणजे १०.६६ किलोच्या हिशेबाने ५,८१० किलो. फरक ४३०.

पहिली पायरी तारखेची. ३० मार्चच्या चलनावर १५ सळया साइटवर गेल्यात आणि त्यांचं बिल २ एप्रिलचं आहे. म्हणजे ३१ तारखेला माल जागेवर नव्हता पण पुस्तकात होता. १६० किलो इथे सुटले. ही तूट नव्हेच, ही मार्चची विक्री आहे. मार्चच्या हिशेबात ती विक्री म्हणून घ्या आणि अहवालात चलन नंबर, बिल नंबर दोन्ही लिहा. बिलाची तारीख मात्र परस्पर मागे ओढू नका. जीएसटीत माल हलवण्याआधी किंवा हलवताना बिल व्हायला हवं होतं, तेव्हा ते कसं सावरायचं हे सीएंना विचारूनच ठरवा.

दुसरी पायरी चुकीच्या नोंदीची. एका मालात तूट आणि त्याच्याच शेजारच्या मालात वाढावा असेल तर अदलाबदलीचा संशय पहिल्यांदा घ्यावा. सळईत आकार बदलतात, पाइपात इंच बदलतात, रंगात शेडचा नंबर बदलतो. तुमच्या १४ मार्चच्या बिलावर १० मिमी १४९ किलो लिहिलंय आणि त्याच मालाच्या चलनावर १२ मिमी १४ सळया आहेत. १४ गुणिले १०.६६ बरोबर १४९. गाडी भरून देणाऱ्याची स्लिपही १२ मिमीचीच आहे. तेव्हा १२ मिमीतून १४९ वजा करायचे आणि १० मिमीत १४९ परत घ्यायचे. इथे एक सावधगिरी सांगतो. फक्त आकडे जुळतात म्हणून अदलाबदल मान्य करायची नाही. चलन किंवा भरणीची स्लिप, असा माल हलल्याच्या वेळचा कागद हातात हवा. कागद नसताना जुळवलेली अदलाबदल म्हणजे तुमचे शेठ करायला सांगतायत तीच वजावट, फक्त तिला कारणाचं नाव दिलेलं.

तिसरी पायरी राहून गेलेल्या मालाची. काट्याच्या मागे पडलेले १२ मिमीचे तुकडे मोजणाऱ्यांनी घेतलेच नाहीत, कारण ते नगावर मोजत होते आणि तुकडा हा नग नव्हे. वजन ४६ किलो भरलं. हे मोजणीत मिळवा, पण वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या दराने. तुकडा पूर्ण सळईच्या भावात जात नाही, आणि अखेरचा साठा खरेदी किंमत किंवा विकून हाती येणारी रक्कम यांतल्या कमी आकड्यालाच धरायचा असतो.

४३० मधून १६०, १४९ आणि ४६ गेले. उरले ७५ किलो, म्हणजे बरोबर सात सळया. इथे मोह होतो 'वजनकाट्याचा फरक' लिहून मोकळं होण्याचा. पण तुम्हीच लिहिलंय की या सळईच्या गाड्यांची काटा पावती आणि मिलचं बिल यांत दहा किलोच्या वर फरक नव्हता. मीही तुम्हाला २० सळया वजन करायला सांगितल्या असत्या, त्या तुम्ही केल्यात आणि २१३ किलो भरल्या, म्हणजे सरासरी १०.६५. वजनाची सबब इथे चालत नाही. हे ७५ किलो खुलासा नसलेली तूट म्हणूनच जाणार.

१० मिमीची गोष्ट उलटी आहे, आणि सळईच्या व्यापारातला सगळ्यात जास्त फसवणारा फरक हाच असतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. सळईचं प्रमाण वजन आपण व्यासाचा वर्ग भागिले १६२ असं काढतो, ते मीटरला किलोत येतं. १० मिमीला ०.६१७, म्हणजे १२ मीटरच्या सळईला ७.४० किलो. पण मिलमधून येणारी सळई इतकी काटेकोर नसते. आयएस १७८६ या मानकात १० मिमीपर्यंतच्या सळईला लॉटमागे सात टक्के कमी-जास्त चालतं, त्याच्या वर १६ मिमीपर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळईला तीन टक्के. तुम्ही खरेदी करता काट्यावरच्या वजनाने, विकता नग गुणिले प्रमाण वजनाने, आणि मोजणीही प्रमाण वजनानेच केलीत. सळई हलकी असेल तर या तिन्हींमध्ये फट पडणारच. हलक्या सळईने कागदावर वाढावा दिसतो, जड सळईने तूट दिसते. दोन्हींत गोडाऊनमधली एक सळईसुद्धा हललेली नसते.

तुमचे आकडे लावून बघू. जुना साठा संपल्यावर १० मिमीची एकच गाडी आली. बिल ४,१८७ किलोचं, उतरणीच्या पावतीवर ५९० सळया. भागाकार केला की सळईला ७.१० किलो पडतात. तुम्ही ढिगातून २० सळया काढून वजन केल्या त्या १४२ किलो भरल्या, म्हणजे पुन्हा ७.१०. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की खात्री पटते. सळई प्रमाणापेक्षा चार टक्के हलकी आहे, आणि सात टक्क्यांच्या आत असल्यामुळे मिलकडे तक्रार करता येणार नाही.

आता पुस्तकातले ३,१५० किलो घ्या. १४ मार्चच्या चुकीच्या बिलाचे १४९ परत मिळवले की ३,२९९ होतात. जागेवर ४७० सळया आहेत. प्रमाण वजनाने त्या ३,४७८ किलो दिसतात, पण खऱ्या वजनाने ३,३३७ आहेत. म्हणजे १४१ किलोचा वाढावा निव्वळ गुणाकारातून आला, तो मालच नव्हता. उरलेले ३८ किलो मात्र खरे आहेत, आणि ते कुठून आले हेही सांगता येतं. या गाडीतल्या १२० सळया तुम्ही ७.४० च्या हिशेबाने विकल्यात. दर सळईमागे ३०० ग्रॅमप्रमाणे ३६ किलो. राहिलेले दोन किलो पूर्णांक करण्यातले.

हे ३६ किलो गिऱ्हाइकाचे आहेत. त्याने ७.४० किलोचे पैसे मोजले आणि ७.१० किलो माल नेला. शेठना हा भाग नजरेआड होऊ देऊ नका. वजनावर बिल करायचं तर माल वजन करूनच द्यायला हवा, सांगितल्यापेक्षा कमी देणं वैध मापन कायद्यात बसत नाही. नाहीतर सरळ नगाचा भाव लावा आणि बिलावर नगच लिहा. पुस्तकातही सळई नगात ठेवून वजन दुसऱ्या एककात दाखवलं तर पुढच्या मार्चला हा फरक निघणारच नाही. अहवालाच्या शिफारशीत मी तरी ही एकच सूचना ठळकपणे लिहीन.

एल्बोचं काम सोपं आहे. दहा बॉक्स आले, बॉक्समध्ये ५० नग, आणि नोंद करणाऱ्याने एककात 'नग' ठेवून १० टाकलं. ५०० च्या जागी १०, फरक ४९०. ओळखायची खूण दरात असते. बिलाची रक्कम ८,००० बरोबर पडली, म्हणून टॅलीत एका एल्बोचा दर ८०० रुपये दिसतोय. एल्बो सोळा रुपयांचा असतो. खरेदीच्या यादीत दराचा स्तंभ वरून खाली नुसता चाळला तरी अशा चुका दिसतात. पण लक्षात घ्या, या वाढाव्याने नफा एक रुपयाही वाढत नाही. रक्कम आधीच पुस्तकात होती, फक्त नग कमी होते. तुमच्या २६,२०८ रुपयांच्या वाढाव्यातले ७,८४० रुपये हे असे कागदावरचे आहेत, आणि ते सळईच्या खऱ्या तुटीत वळते करायला निघाला होतात.

सिमेंटच्या २६ गोण्यांपैकी १८ गोडाऊनमध्येच आहेत. भिंतीलगतच्या थप्पीत, खालच्या थरात, दगड झालेल्या. मोजणाऱ्यांनी 'बाद माल' म्हणून त्या सोडल्या. असं करायचं नसतं. बाद मालही मोजायचा आणि 'खराब' या स्तंभात लिहायचा, म्हणजे माल हरवला नाही, बिघडला, हे कागदावर येतं. गोणीवर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, त्याचा फोटो अहवालाला जोडा. तुमच्या गोण्या ऑगस्ट २०२५ च्या आहेत. पावसाळ्यात आलेला माल भिंतीला टेकून आणि नवीन माल त्याच्या पुढ्यात लावला, म्हणजे जुना कधी बाहेर निघालाच नाही. कारणाच्या रकान्यात नुसतं 'ओलाव्याने खराब' न लिहिता हे एवढं लिहा.

पाच गोण्या गोडाऊनच्या फरशीच्या दुरुस्तीला गेल्या. त्याची चिठ्ठी नाही, पण गवंड्याची मजुरी पेटी रोकडीत त्याच आठवड्यात पडलेली आहे. शेठकडून आज तारखेने लेखी मान्यता घ्या, मागची तारीख टाकू नका. ही तूट नाही, दुरुस्तीचा खर्च आहे. उरलेल्या तीन गोण्यांचा खुलासा नाही.

इथे जीएसटी येतो. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे राहत नाही. म्हणजे १८ खराब गोण्या, ३ न सापडलेल्या आणि ७५ किलो सळई यांचं क्रेडिट उलटवायचं, GSTR-3B मध्ये 4(B)(1) या ओळीत. दर खरेदीच्या बिलावरचा घ्या, आजचा नको. सिमेंटचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय, पण तुमच्या खराब गोण्या ऑगस्टच्या, तेव्हा २८ टक्के होता. ३३० रुपयांप्रमाणे १८ गोण्यांचे ५,९४० आणि त्यावरचं क्रेडिट १,६६३ रुपये. दुरुस्तीला वापरलेल्या पाच गोण्या या यादीत धरू नका. तो धंद्यातलाच वापर आहे, त्याचं क्रेडिट कसं ठेवायचं ते सीएंना स्वतंत्र विचारा.

आता लिहिण्याबद्दल. एका मालाला एक परिच्छेद पुरतो, पण त्यात पाल्हाळ नको. १२ मिमीचा साधारण असा होईल:

"सळई १२ मिमी. पुस्तकी शिल्लक ६,२४० किलो. वजा: ३० मार्चच्या चलनाने गेलेला, २ एप्रिलला बिल झालेला माल १६० किलो. वजा: १४ मार्चच्या बिलात १० मिमी म्हणून चुकीने नोंदलेली विक्री १४९ किलो, चलन व भरणी स्लिप सोबत जोडली आहे. दुरुस्त पुस्तकी शिल्लक ५,९३१ किलो. प्रत्यक्ष: ५४५ सळया, ५,८१० किलो, तुकडे ४६ किलो, एकूण ५,८५६ किलो. तूट ७५ किलो, ५५ रुपये दराने ४,१२५ रुपये. नमुना वजन व काटा पावत्या तपासल्या, वजनातील फरक हे कारण आढळले नाही. गोडाऊन कीपरचे म्हणणे सोबत. खुलासा उपलब्ध नाही."

चलन, बिल आणि पावत्यांचे नंबर त्या-त्या जागी घाला. गोडाऊन कीपरचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, त्याच्या सहीने घ्या. त्याला 'माहीत नाही' म्हणायचं असेल तर तेही तसंच येऊ द्या. पुरावा नसताना 'चोरी' हा शब्द लिहू नका. आणि शेठ पगारातून कापायचं म्हणत असतील तर त्यांना थांबवा. माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा, तूट त्याच्या हयगयीने झालेली असावी आणि कापण्याआधी त्याला म्हणणं मांडू द्यावं, एवढं कायद्याला लागतं. तुमच्या गोडाऊनच्या किल्ल्या तीन जणांकडे असतात असं तुम्हीच लिहिलंय. तिथे सात सळया एकाच्या नावावर टाकता येत नाहीत.

सगळं सोडवल्यावर चित्र असं उरतं. खरी तूट ११,०५५ रुपयांची: सळई ४,१२५, खराब सिमेंट ५,९४०, न सापडलेलं सिमेंट ९९०. खरा वाढावा ३८ किलो सळई, २,१२८ रुपये. दुरुस्तीचा खर्च १,६५० वेगळा. शेठच्या सहा हजारांत यातलं काहीच दिसलं नसतं.

टॅलीतला क्रम फार महत्त्वाचा आहे. फिजिकल स्टॉक व्हाउचर त्या तारखेला शिल्लक थेट तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर आणून ठेवतं. ते आधी टाकलंत आणि मग १४ मार्चचं बिल दुरुस्त केलंत, तर दुरुस्तीचा परिणाम ३१ तारखेच्या शिल्लकेवर दिसणारच नाही, फरक आतल्या आत गिळला जाईल. आणि १६० किलोंचा निर्णय न घेता आज सरळ मोजणीचा आकडा टाकलात, तर २ एप्रिलचं बिल तोच माल दुसऱ्यांदा वजा करेल आणि एप्रिलमध्ये १६० किलोचा वाढावा उभा राहील. म्हणून आधी सगळ्या चुका त्यांच्या मूळ नोंदीत दुरुस्त करा, १६० किलो मार्चच्या विक्रीत घेतलेत की २ एप्रिलच्या बिलातून ते साठ्यातून पुन्हा वजा होणार नाहीत असं करा, मग पुस्तकी शिल्लक पुन्हा काढून अहवालातल्या दुरुस्त शिल्लकेशी जुळवा, आणि शेठनी मंजुरीची सही केल्यावरच उरलेल्या फरकाची नोंद करा. मी ती स्टॉक जर्नलने करतो, शेऱ्यात अहवालाचा क्रमांक घालून. नुसती साठ्याची नोंद केली की तूट ढोबळ नफ्यात विरघळून जाते, म्हणून सोबत 'मालाची तूट' खातं नावे आणि खरेदी खातं जमा अशी जर्नल नोंद टाका, म्हणजे रक्कम खात्यावर वेगळी दिसते.

कॅश क्रेडिट असेल तर मार्चचं स्टॉक स्टेटमेंट बँकेत गेलं आहे का ते बघा. गेलं असेल तर दुरुस्त साठ्याप्रमाणे सुधारित स्टेटमेंट द्या आणि खराब सिमेंट त्यातून काढा, कारण बाद मालावर उचल मिळत नसते.